प्रकाशझोतातल्या एका मॅचला किती युनिट? सहा रात्रींची वही

शिवजयंतीच्या आधी आमच्या कन्नमवारनगरात टेनिस बॉलची प्रकाशझोतातली स्पर्धा असते. सहा-सहा षटकांच्या मॅच, दोन वीकेंड, सहा रात्री. लाईटचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, कारण मंडळात वायरमन मी एकटाच. दर वर्षी खजिनदार विचारतात, "एका मॅचला लाईटचा खर्च किती येतो रे?" आणि दर वर्षी मी अंदाजाने काहीतरी ठोकून देतो. २०२५ ला ठरवलं की मीटर लावायचं आणि रोज लिहायचं. ज्यांना आपल्या मैदानात हेच करायचं आहे त्यांच्यासाठी वही जशीच्या तशी उतरवतोय. माझ्या चुका काढून टाकलेल्या नाहीत.

१ फेब्रुवारी, शनिवार

मैदान साधारण ६० बाय ४५ मीटर. कडेने सहा मनोरे, परांचीच्या पाइपचे, नऊ मीटर उंच. प्रत्येकावर चार लाईट, म्हणजे एकूण २४. मंडळाचे स्वतःचे ४०० वॅटचे मेटल हॅलाइड आहेत. पोरं सगळ्यालाच हॅलोजन म्हणतात. दोन मनोऱ्यांना एक फेज, म्हणजे फेजला आठ लाईट.

गेल्या वर्षी तिसरा मनोरा नेमका बॉलरच्या हातामागे आला होता आणि बॅट्समन दर ओव्हरला थांबून शिव्या देत होते. यंदा सगळे मनोरे पिचच्या रेषेबाहेर, तिरके घेतले. त्यातच अर्धा दिवस गेला.

मुख्य पॅनेलमध्ये लाईटच्या लाइनवर थ्री फेज सबमीटर बसवलं. एका जुन्या कामातून उरलेलं, १० ते ६० अँपिअरचं, दशांशात रीडिंग दाखवणारं. माइक, स्कोअरबोर्ड, चहाचा स्टॉल आणि स्टेज वेगळ्या लाइनवर ठेवलं. हे वेगळं केलं नाही तर शेवटी लाईटने किती खाल्लं ते कळत नाही.

खजिनदारांनी कागदावर हिशोब केला: २४ गुणिले ४०० म्हणजे ९.६ किलोवॅट, मॅच ४० मिनिटांची, म्हणजे ६.४ युनिट. मी म्हटलं, बघू.

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिली चाचणी. सव्वासातला सगळे चालू केले. मेटल हॅलाइड पूर्ण तापायला चार-पाच मिनिटं घेतो, तेवढी घेतली, आणि मैदान छान उजळलं. तिन्ही फेजना आम्ही आर, वाय, बी म्हणतो. सात पन्नासला वाय फेजचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडला. उचलला, पुन्हा पंधरा मिनिटांत पडला.

एमसीबी २० अँपिअरचा. आमच्यातला एक हुशार म्हणाला, ३२ चा टाक, संपला विषय. विषय संपला असता, पण पुढे जी २.५ स्क्वेअर मिलिमीटरची केबल मनोऱ्यांपर्यंत जाते ती वितळून. एमसीबी त्या केबलसाठी असतो, आपल्या सोयीसाठी नाही.

वायरभोवती जबडा धरून करंट मोजणारा टंग टेस्टर लावला. आर फेजला १६ अँपिअर, बीला साडेअठरा, वायला जवळपास २४. तिन्हीवर लाईट सारखेच, आठ-आठ. मग फरक कसला? मनोऱ्यावर चढून एकेक लाईटची वायर टेस्टरच्या जबड्यात घेतली. काही लाईट २ अँपिअर घेत होते, काही ३.३. मधलं काही नाही. ३.३ वाले एकूण आठ निघाले: सहा वायवर, दोन बीवर.

चोक म्हणजे दिव्याचा करंट आवरणारी कॉइल. तिच्या डब्यात लाईटला समांतर एक कपॅसिटर असतो. तो मेला की लाईट तसाच पेटतो, उजेडही तेवढाच देतो, पण लाइनमधून दीडपट करंट ओढतो. त्यामुळे बघून कधीच कळत नाही. आमचे आठ कपॅसिटर किती वर्षं मेलेले होते देव जाणे. दर वर्षी एमसीबी पडायचा आणि आम्ही दवाला दोष द्यायचो.

इथे खजिनदारांना वाटलं की करंट दीडपट म्हणजे बिल दीडपट. तसं नसतं. सबमीटर युनिट मोजतं, आणि मेलेल्या कपॅसिटरचा जादा करंट नुसता ये-जा करतो, त्याचं काम होत नाही. मीटरवरचा लाल दिवा वापराच्या प्रमाणात लुकलुकतो, म्हणून पडताळायला तो मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजून ठेवलं. सगळे २४ मिळून १०.४ किलोवॅट. म्हणजे ४०० चा एक लाईट चोक धरून ४३५ वॅट खातो. खजिनदारांच्या कागदातली पहिली चूक ही: चोकही खातो.

५ फेब्रुवारी, बुधवार

लोहार चाळीतून आठ कपॅसिटर आणले, ३५ मायक्रोफॅरॅडचे. सगळे मिळून हजार रुपयांच्या आत. बसवायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या, कारण प्रत्येक डब्याचे स्क्रू गंजलेले. जुने काढताना आधी इन्सुलेटेड पेचकसने टोकं शॉर्ट करून घेतली. एकाने ठिणगी मारली, म्हणजे सगळेच पूर्ण मेले नव्हते.

तिन्ही फेज आता १६ च्या आसपास. एमसीबी तासभर टिकला. मिनिटातल्या लुकलुकी मात्र परवाच्या इतक्याच. खजिनदारांना बोलावून मोजायला लावल्या, तेव्हा पटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. पहिली रात्र

सहा दहाला लाईट लावले, पहिला बॉल पावणेसातला. पाहुणे उशिरा आले, नारळ फुटायला वेळ लागला.

आठ बावन्नला तिसऱ्या मॅचची चौथी ओव्हर चालू असताना लाइनला एक झटका बसला. चहाच्या स्टॉलवरचा बल्ब नुसता डोळा मिटून उघडावा तसा झाला, माइकवाला बोलतच राहिला. पण मैदानावरचे चोवीसच्या चोवीस लाईट गेले आणि गेलेच.

"लाईट आहे ना, मग मैदानात का नाही?" चारी बाजूंनी हाच प्रश्न. त्याचं असं आहे की मेटल हॅलाइड गरम असताना विझला की लगेच पेटत नाही. आतली वाफ दाबाखाली असते, ती थंड होऊन दाब उतरेपर्यंत पेटवणारा इग्निटर कितीही कटकट करू दे, तो पेटणार नाही. दहा-बारा मिनिटं थांबावंच लागतं, आणि नंतर पूर्ण उजेडाला आणखी पाच.

हे मला माहीत होतं. तरी मी चुकलो. लोक ओरडायला लागले, "जनरेटर लाव, जनरेटर!" भाड्याचा २५ केव्हीएचा शेजारीच उभा होता. नऊ वाजता तीन-चार लाईट निळसर पेटायला लागले होते, तेवढ्यात मी दबावाखाली लाइनवरून जनरेटरवर नेणारा चेंजओव्हर स्विच मारला. चेंजओव्हर म्हणजे परत एक खंड. जे पेटले होते तेही विझले. पुन्हा सगळं पहिल्यापासून. पूर्ण उजेड यायला नऊ तेरा झाले. एका डोळ्याच्या मिटण्याने २१ मिनिटं गेली, त्यातली पाच-सात तरी माझ्या हाताने. सातवी मॅच रद्द करावी लागली.

मेटल हॅलाइड असेल आणि लाइन परत आली असेल, तर पॅनेलला हात लावू नका. खुर्ची घेऊन बसा. पंचांना सांगा पंधरा मिनिटं ड्रिंक्स.

दहा वाजता स्पीकर बंद केला, नियमच आहे. पुढच्या मॅच टाळ्यांवर झाल्या. अकरा पन्नासला लाईट बंद. रीडिंग ११३२.४ वरून ११८८.८, म्हणजे ५६.४ युनिट. सहा मॅच झाल्या. मॅचला ९.४ युनिट.

खजिनदारांचे ६.४ कुठे आणि हे ९.४ कुठे? बसून मिनिटं मांडली. लाईट लागल्यापासून बंद होईपर्यंत ३४० मिनिटं. त्यात बॉल पडत होता ती २४० मिनिटं. सुरुवातीची वाट बघणं ३५, दोन मॅचमधली मोकळी वेळ मिळून ३५, तो झटका २१, आणि शेवटी कोण जिंकलं याच्या वादात ९. नुसत्या खेळाला लागले साधारण ४२ युनिट. उरलेले साडेचौदा युनिट रिकाम्या मैदानावर गेले, आणि झटक्यानंतरची काही मिनिटं लाईट विझलेले होते म्हणून ते आणखी वाढले नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुसरी रात्र

सकाळी सहाव्या मनोऱ्याकडे बघितलं. काल त्या कोपऱ्यात कॅच सुटत होते आणि फील्डर म्हणत होते अंधार आहे. मनोरा पॅनेलपासून ८५ मीटरवर आहे. पॅनेलला २२८ व्होल्ट, तिथे पोचेपर्यंत २१७. कपॅसिटर मेलेले असताना तर २१२ होते, ते सोमवारच्या चाचणीत लिहून ठेवलंय. चोकवरच्या लाईटला व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड त्याच्या दुप्पट प्रमाणात उतरतो.

नवी ६ स्क्वेअरची केबल घ्यायची तर बजेट बसेना. माझ्याकडे २.५ चीच थ्री कोअर ९० मीटर पडून होती. ती दुसरी लाइन म्हणून ओढली आणि मनोऱ्यावरचे चार लाईट दोन-दोन वाटून दिले, प्रत्येक लाइनला वेगळा १० चा एमसीबी. दोन केबल एकाच एमसीबीखाली समांतर जोडू नका, एक तुटली की सगळा भार दुसरीवर येतो आणि कळतही नाही. आता तिथे २२३ व्होल्ट मिळतात.

यात एक गंमत. केबल सुधारली आणि एकूण भार १०.४ चा १०.५५ किलोवॅट झाला. युनिट वाढले! कारण ते चार लाईट आता पोटभर खाताहेत. दुरुस्ती केली म्हणजे वापर कमीच होणार असं नाही.

सहा वीसला सुरू, अकरा पस्तीसला बंद, सात मॅच. ५५.४ युनिट, मॅचला ७.९. लाईट तेच, भार थोडा जास्तच, तरी मॅचमागे दीड युनिट कमी. कमी झालं ते मोकळं जळणं.

९ फेब्रुवारी, रविवार. तिसरी रात्र

काही बिघडलं नाही. सात मॅच, ५३.७ युनिट, मॅचला ७.७.

खजिनदार म्हणाले, दोन मॅचच्या मध्ये अर्धे लाईट बंद का करत नाहीस? त्यांना शुक्रवार आठवून दिला. विझवले की पंधरा मिनिटं गेली. मेटल हॅलाइडमध्ये मोकळं जळणं दिसतं, पण हात लावता येत नाही.

११ आणि १२ फेब्रुवारी

बाद फेरीसाठी एलईडी लावायचे ठरले. मी आधी चार आणून बघू म्हटलं, आणि ते बरं झालं. एका दुकानातून '२०० वॅट' लिहिलेले चार घेतले, १९०० रुपयांना एक. दुकानदाराने "भाऊ, डोळे झाकून घ्या" म्हटलं तेव्हाच डोळे उघडायला हवे होते.

घरी सिंगल फेज सबमीटर आहे, ३२०० लुकलुकींना एक युनिट. एक लाईट त्यावर लावून घड्याळ धरून दहा मिनिटं मोजलं. २०० वॅटचा असता तर १०७ च्या आसपास यायला हव्यात. आल्या ७२. म्हणजे १३५ वॅट. चारही तसेच. ही मोजणी कुणालाही करता येते, टंग टेस्टर लागत नाही, फक्त घरातलं बाकी सगळं बंद हवं. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा फ्रिज मध्येच चालू झाला आणि लाईट ३०० वॅटचा निघाला.

वॅट कमी हे एक. दुसरं म्हणजे त्यांना नुसती सपाट काच होती, भिंग नाही. रात्री एका मनोऱ्यावर चढवून बघितले तर उजेड १२० अंशात सगळीकडे. पिचवर कमी आणि समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जास्त. तिथल्या काकू गॅलरीत येऊन म्हणाल्या, "अरे, आमच्या देवघरात मॅच खेळवताय का?" त्यांचं चूक नव्हतं.

दुकानदार परत घेईना. ७६०० रुपये गेले असं धरून ते चार चहाच्या स्टॉलला आणि संडासच्या वाटेवर लावले. तिथे उत्तम चालतात.

मग विकत घेण्याचा नाद सोडला. लग्नाच्या मंडपाचं काम करणाऱ्या लाईटवाल्याकडे ६० अंशी भिंगाचे २०० वॅटचे होते, रात्रीला नगामागे १५० रुपये भाडं. २४ नग, तीन रात्री, १०,८०० रुपये. त्यातला एक घरी आणून मोजला: १०२ लुकलुकी, म्हणजे १९१ वॅट. हा खरा.

चढवल्यावर माझ्या फोनच्या लक्स ॲपवर जुन्या-नव्याची तुलना केली. ॲपचा आकडा काटेकोर नसतो, पण फोन तोच असला की फरक कळतो. पिचवर आधी १३० दाखवत होतं, आता १४५. सहाव्या मनोऱ्याच्या कोपऱ्यात आधी ४५, आता ७०. एलईडीचा ड्रायव्हर व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड पडू देत नाही, त्याचा हा फायदा. निम्म्या वॅटमध्ये जास्त उजेड कसा, तर जुना दिवा चारी बाजूंना उजेड फेकतो आणि परावर्तकावर इतक्या वर्षांची धूळ बसलेली. भिंगवाल्याचा सगळा उजेड मैदानातच पडतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. चौथी रात्र

तात्पुरत्या वीजजोडणीची मुदत पहिल्या वीकेंडपुरतीच घेतली होती. वाढवायचा अर्ज मी उशिरा टाकला, चूक माझी. सगळी रात्र जनरेटरवर, तोच २५ केव्हीए.

सगळे एलईडी एकदम चालू केले आणि दोन फेजचे एमसीबी तिथल्या तिथे पडले. चालू असताना एका फेजला जेमतेम ७ अँपिअर, एमसीबी २० चा, मग पडला का? एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये कपॅसिटर असतो, तो चालू होताना क्षणभर मोठा घोट घेतो. आठांनी एकदम घोट घेतला की एमसीबीला वाटतं शॉर्ट झालं. एकेक मनोरा पाच-दहा सेकंदांच्या अंतराने चालू केला, पुन्हा पडला नाही.

सहा मॅच, ३१० मिनिटं, लाईटचे २३.८ युनिट. मॅचला ४. आठाचे चार झाले म्हणून सगळे खूश.

मी डिझेल मोजेपर्यंत. संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली होती, रात्री कॅनने पुन्हा गळ्यापर्यंत भरली, साडेबारा लिटर गेले. लाईटचे २३.८ आणि माइक, स्कोअरबोर्ड वगैरेचे साडेचार, मिळून २८ च्या वर युनिट. म्हणजे लिटरला सव्वादोन युनिट. मुंबईत डिझेल ९० रुपये लिटर, तर एक युनिट चाळीस रुपयांना पडलं.

गेल्या वर्षीची वही काढली. हाच जनरेटर, मेटल हॅलाइड, पाच तासांत १९ लिटर, लिटरला तीन युनिट. तासाला ३.८ लिटरचे २.४ झाले. युनिट अर्ध्याहून खाली आले, डिझेल फक्त तिसऱ्या हिश्शाने कमी झालं.

२५ केव्हीए म्हणजे २० किलोवॅटचं इंजिन. त्यावर आमचा साडेपाच किलोवॅटचा भार. इंजिन स्वतः फिरायलाच, पंखा-पंप ओढायलाच जे डिझेल लागतं ते भार असो नसो लागतंच. बैलगाडीत एक पोतं टाकलं म्हणून बैल निम्मी पेंढी खात नाहीत. शिवाय सायलेन्सरच्या तोंडाशी काळं तेलकट ओघळायला लागलं होतं. जनरेटरवाल्या चाचांनी बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, इंजिन तापतच नाहीये, अर्धवट जळलेलं बाहेर टाकतंय. कमी भारावर रोज चालवलं तर इंजिनाची वाट लागते. त्यांचा जनरेटर, त्यांना जास्त काळजी.

१५ फेब्रुवारी, शनिवार. पाचवी रात्र

चाचांनी स्वतःच १० केव्हीएचा थ्री फेज आणून दिला. ८ किलोवॅटचा, म्हणजे आमच्या भाराने दोन-तृतीयांश भरतो. भाडंही कमी.

माझी एकच भीती होती: छोटं इंजिन, चालू करताना दचकेल. मनोरे एकेक करून लावले, इंजिनाचा आवाज दर वेळी जरासा बसायचा आणि सावरायचा. तेवढंच. मेटल हॅलाइडला हा जनरेटर पुरलाच नसता.

सहा मॅच, पाच तास, लाईटचे २३ युनिट, मॅचला ३.८. डिझेल ९ लिटर. सगळं मिळून साडेसत्तावीस युनिट, लिटरला तीनच्या वर. कालच्यापेक्षा साडेतीन लिटर कमी, आणि लाईट तेच, मॅच तेवढ्याच. डिझेलचे ८१० रुपये, मॅचला १३५. खजिनदारांना पहिल्यांदा खरा आकडा देता आला. त्यांनी तो वहीत लिहिण्याआधी चष्मा पुसला.

१६ फेब्रुवारी, रविवार. फायनलची रात्र

एलईडी लगेच पेटतात, तर आता मोकळं जळणं बंद करून बघू. दोन मॅचच्या मध्ये आणि बक्षीस समारंभात फक्त स्टेजकडचे दोन मनोरे चालू, बाकी चार बंद. पॅनेलवर एका पोराला बसवलं, पंचांनी हात वर केला की लाव.

एकदा पोरगं वडापाव आणायला गेलं. पंच हात वर करून उभे, दोन्ही कॅप्टन हात वर करून उभे, मैदानात अंधार. दीड मिनिट गेलं. शिवाय अंधाऱ्या बाजूला सराव करणाऱ्या कीपरच्या खांद्यावर बॉल बसला. टेनिस बॉल होता म्हणून निभावलं.

चार मॅच, १६८ मिनिटं खेळ, ६२ मिनिटं मोकळी. १४.५ युनिट, मॅचला ३.६. सगळे लाईट सतत ठेवले असते तर साडेसतराच्या वर गेले असते. वाचले तीन युनिट, म्हणजे एक लिटर डिझेल, म्हणजे ९० रुपये. एका पोराचे दोन वडापाव आणि चहा वजा केला तर साठाच्या आत. मेटल हॅलाइडला एका रात्रीत साडेचौदा युनिट रिकामे जळत होते तेव्हा बंद करता येत नव्हतं, आता बंद करता येतंय तर वाचायला फारसं उरलेलं नाही. पुढच्या वर्षी मॅचच्या मध्ये मी लाईट बंद करणार नाही. फक्त संध्याकाळी नारळ फुटल्याशिवाय लावणार नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सगळं उतरवलं. भाड्याचे २४ मोजून परत केले, एकाची काच तडकलेली, त्याचे ४०० रुपये कापले. जुने मेटल हॅलाइड गोणपाटात बांधून मंडळाच्या माळ्यावर टाकले. नवे आठ कपॅसिटर आधी काढून डब्यात ठेवले, त्यावर तारीख लिहिली. काकूंच्या खिडकीखालचा मनोरा शेवटी सोडला. त्या वरून बघत होत्या, म्हणाल्या, "संपलं का? दुसऱ्या आठवड्यात लाईट बरा होता, मुलीने गॅलरीत अभ्यास केला."